रजा ‘अग्रेषित’ होत नसते भाऊ

प्रश्न : वाडीच्या गोदामातले लोडर, ड्रायव्हर अन् गार्ड यांच्यासाठी एचआरचं इंग्रजी पत्रक मराठीत करून राहिलो. रिमोट वर्क डेजला ‘दूरस्थ कार्यदिवस’, लीव्ह कॅरी फॉरवर्डला ‘रजा अग्रेषित होईल’ अन् लॅप्सला ‘व्यपगत’ लिहिलं. चालेल का? अन् रजा म्हणू की सुट्टी?

अग्रेषित तेवढं आधी खोडा. जिथं तिथं हाच शब्द दिसून राहिला अन् डोकं फिरतं. अग्रेषित म्हणजे अर्ज वरच्या टेबलावर पाठवला. लोडर वाचेल ‘शिल्लक रजा अग्रेषित होईल’ अन् समजेल की आपला रजेचा अर्ज साहेबाकडे गेला, आता मंजूर होऊन येईल. सरळ लिहा, ‘उरलेली रजा पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होईल’. व्यपगत शासकीय कागदात ठीक आहे, गोदामात रजा बुडते, पगार बुडतो तशीच. ‘बुडेल’ गावठी वाटतं म्हणणाऱ्यांना विचारा, तुमची स्वतःची बुडाली तेव्हा घरी काय सांगितलं होतं?

दूरस्थ वाचून ड्रायव्हरला वाटेल गडचिरोलीच्या फेऱ्या लावल्या. ‘घरून काम’ लिहा, ‘घरबसल्या’ नको, त्यात टोमणा येतो. अन् ही सवलत फक्त ऑफिसवाल्यांना असेल तर तसं त्याच ओळीत सांगून टाका, पोती काय घरून उचलणार आहेत का!

आता रजा, खरी मजा इथं आहे. सुट्टी सुटण्यातून आली, रविवार आला की सगळेच सुटले, कोणाला विचारायचं काम नाही. रजा मात्र अरबी ‘रिज़ा’ फारसीतून आपल्याकडे आला, मूळ अर्थ खुशी, संमती. म्हणजे मालकाची खुशी असेल तर मिळते ती रजा. अन् याच धातूचं सगळं खानदान आपल्या घरात आहे, राजी तिथलाच, नाराज तिथलाच, अन् राजीनामासुद्धा! राजीनामा म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद, हिंदीत कोर्टात दोन पार्ट्यांची तडजोड झाली की आजही राजीनामाच म्हणतात, आपण मराठीत त्याचा नोकरी सोडण्याचा कागद करून टाकला. माझं तर मत आहे की आपल्या नोकरीतला सगळा मामला, म्हणजे रजा मागणं, साहेब नाराज होणं, मग राजीनामा देणं, हा एकाच धातूवर चालतो. यावर शुद्धीवाले म्हणतील परका शब्द काढा, ‘अवकाश’ लिहा. अहो, महाराष्ट्र सरकारच्या नियमांचंच नाव महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहे! जो शब्द मंत्रालयाला शुद्ध वाटतो तो वाडीच्या लोडरला का नको? अवकाश म्हटलं की त्याला यानच आठवेल.

तर आठवड्याची ती सुट्टी, अर्ज करून घ्यायची ती रजा. पत्रकात दोन्ही एकमेकांच्या जागी टाकले तर सुट्ट्या पुढे जमा होतात असं वाटून भांडणं होतील.

अन् नुसत्या शब्दानं भागत नाही, एक हिशेब करून दाखवा. गोदामाला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा लागू असेल, तर वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ दिवस हक्काची रजा, अन् साठवायची कमाल मर्यादा ४५ दिवस. समजा एका लोडरची आधीची ३५ जमा होती, गेल्या वर्षी २८० दिवस काम केलं म्हणून या वर्षी १४ मिळाली, २ घेतली, तर झाले ४७. पुढे ४५ जातील, वरचे २ बुडतील. सीएल म्हणजे किरकोळ रजा वेगळी, वर्षाला ८, ती तिमाहीनं खात्यात येते अन् वर्ष संपलं की न वापरलेली जाते, ती साठत नाही. लोक या दोन्हींची बेरीज करून बसतात, म्हणून दोघींना एका वाक्यात कोंबू नका.

यातला ‘वरचे २ बुडतील’ हा भाग मात्र अर्धाच आहे. माणसानं ती रजा १५ दिवस आधी मागितली होती अन् साहेबानं नाही म्हटलं, तर कायद्यानं ४५ च्या वरच्या त्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क आहे. म्हणजे साहेब राजी नसला तर पैसे मोजायचे. इंग्रजी पत्रकात हे वाक्य नसेल तर एचआरला आधी विचारा, अन् मराठीत असं लिहा : ‘१५ दिवस आधी मागितलेली रजा नामंजूर झाली असेल, तर ४५ दिवसांवरच्या त्या रजेचे पैसे मिळतील. नामंजुरीचा कागद जपून ठेवा.’