चिठ्ठीतली मराठी

"लग्नाला पाच महिने झाले. सासरी सगळे मराठी बोलतात, मला ती येत नाही. नवरा चिठ्ठ्या लिहून शिकवतो. वाचलेलं कळतं, पण बोलायला गेले की लोक हसतात नाहीतर दुखावतात. आता मी गप्पच राहते. माझं काय चुकतंय?"

अशीच एक कन्नडभाषक मुलगी माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी वाचता यायची. नवरा सकाळी लवकर निघताना आरशावर चिठ्ठी चिकटवायचा. ती सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवायची आणि पाठही करायची.

मी त्या मागून घेतल्या. "दार नीट लाव. मी आठला येतो." "गोळी घे." "वाट बघू नकोस."

चूक तिथेच सापडली, आणि ती तिची नव्हती. पुरुषाने बायकोला लिहिलेली ती मराठी होती. ती पाठ करून ही बाहेर पडताना म्हणायची, "मी येतो." सगळे खो खो हसायचे. कन्नडमध्ये बाई असो की बुवा, 'नानु बरुत्तेने' हे एकच रूप. येतो-येते हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता. एकदा तर तिने काळजीपोटी सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, गोळी घे." बाबा दोन दिवस बोलले नाहीत. खरं तर कन्नडमध्ये मोठ्यांसाठी 'नीवु' आहेच, मान द्यायचा हे तिला शिकवायची गरज नव्हती. तिला 'घ्या' हा शब्द कधी दिसलाच नव्हता.

नवऱ्याला बोलावलं. तो बिचारा हिरमुसला, एवढ्या प्रेमाने लिहीत होता! चिठ्ठ्या बंद करू नका म्हटलं, फक्त मागची बाजू वापरा. पुढे तुमचं वाक्य आणि मागे तेच तिने घरात कसं म्हणायचं ते. पुढे 'मी येतो', मागे 'आई, मी येते'. पुढे 'गोळी घे', मागे 'बाबा, गोळी घ्या'. तिनेही रोज एका ओळीचं उत्तर लिहायचं आणि त्यातली एकच चूक त्याने दुरुस्त करायची. सगळ्या चुकांवर लाल रेघा ओढल्या की माणूस लिहिणंच सोडतं.

घरच्यांना एकच विनंती केली, चारचौघांत दुरुस्ती नको. ती "येतो" म्हणाली तर "येतेस? बरं, ये" एवढंच म्हणा. बरोबर रूप तिच्या कानावर पडतं आणि बोलणंही पुढे सरकतं.

तुमच्या चिठ्ठ्याही एकदा याच नजरेने वाचा: कोण बोलतंय, कुणाशी? अर्थात, चुका सुधारल्यावरही टोमणे थांबले नाहीत तर प्रश्न भाषेचा नाही, तेव्हा नवऱ्याला घेऊन या.

त्या मुलीने दीड-दोन महिन्यांनी मला एक कागद दाखवला. वर तिचं अक्षर: "बाबा, गोळी घ्या. मी सातला येते." खाली थरथरत्या हाताने लिहिलेलं: "घेतली. सावकाश ये."