आठव्या जागेवरचा टॉवर

"लोटे एमआयडीसीत कंपनीत आहे, कामगारकपातीची कुजबुज चालू आहे. टॅरोच्या सेल्टिक क्रॉसमध्ये आठव्या जागी टॉवर आला आणि दहाव्या जागी सिक्स ऑफ स्वोर्ड्स. नोकरी गेलीच का? झोप उडालीय."

दादा, आधी कार्ड कुठल्या जागेवर पडलंय ते बघा, कारण टॉवरचा अर्थ बराचसा तिथेच ठरतो. सेल्टिक क्रॉस ही दहा कार्डांची मांडणी, त्यात सातवी जागा तुमची स्वतःची, आठवी तुमच्या आजूबाजूच्या माणसांची आणि वातावरणाची, नववी आशा आणि भीतीची, दहावी शेवटी काय होईल त्याची. तुमचा टॉवर आठवीला आहे, म्हणजे हलतंय ते कंपनीचं घर, तुम्ही त्यात राहताय म्हणून धक्का बसणार हे खरं, पण तेवढ्यावरून तुमचं नाव यादीत आहे असं वाचता येत नाही. हाच टॉवर नववीला आला असता तर मी म्हटलं असतं की ही तुमची भीतीच कार्ड होऊन समोर आलीय, आणि त्यावरून पुढचं काहीच सांगितलं नसतं.

आता चित्र नीट बघा, रायडर-वेट डेकमधलं. वीज शेंड्यावर पडते आणि आधी मुकुट उडतो. नोकरीच्या रीडिंगमध्ये मी तो मुकुट म्हणजे वरचा निर्णय, वरचा साहेब, हेड ऑफिस असा वाचते. आणि टॉवर हे अचानक घडणाऱ्या गोष्टीचं कार्ड, कपातीची चर्चा तर तुमच्या कँटीनमध्ये रोजचीच असणार, म्हणून ज्याचा विचारच केला नाही ते काय असेल हे आधी शोधायचं.

माझंच सांगते. रत्नागिरीत एका खाजगी फर्ममध्ये अकाउंट्सला होते, अशीच हवा होती, टॉवर आठवीलाच. मी महिनाभर यादीच्या भीतीने जेवले नाही नीट. झालं काय, तर आमचे मॅनेजर एका शुक्रवारी निघून गेले, अकाउंट्सचं सगळं काम पुण्याला हलवलं आणि मला डिस्पॅचला बसवलं. नोकरी राहिली, खुर्ची गेली. एका अनुभवाचा नियम होत नाही, माझ्याकडे आलेल्या एका ताईंची नोकरी खरंच गेली होती, पण त्यांच्या स्प्रेडमध्ये टॉवर दहावीला होता आणि सोबत फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, बर्फात उघड्यावर चालणारी ती दोन माणसं.

तुमच्या दहावीला सिक्स ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे होडी आहे. नावाडी माणसांना पलीकडे नेतोय, तलवारी होडीतच उभ्या आहेत, म्हणजे जाणं आहे पण ओझं सोबत घेऊन. हे दुसरं डिपार्टमेंट असू शकतं, दुसरा प्लँट किंवा दुसरी कंपनीसुद्धा, नक्की कुठलं ते हे कार्ड सांगत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याला पैसे देऊ नका.

आणि आज परत पत्ते पिसू नका हो. घाबरून तीन-चारदा काढलं की प्रत्येक वेळी वेगळं येतं आणि आपण सगळ्यात वाईट तेवढंच लक्षात ठेवतो. तारीख टाकून या स्प्रेडचा फोटो ठेवा, आणि नोटीस पिरियड किती आहे ते अपॉइंटमेंट लेटर काढून आज रात्रीच बघा. बाकीची आठ कार्डं कुठली होती ते लिहा, विशेषतः पेंटॅकल्स किती आलीत, मग पुढचं बघू.