पंचम-नवम उत्तम, मग यश कुठे अडतं?

"सर, याचं पंचम आणि नवम स्थान फार चांगलं आहे असं प्रत्येक ज्योतिषी सांगतो. तरी स्पर्धा परीक्षेत दरवेळी थोडक्यात हुकतं. आता तर शनीची महादशा लागली आणि लागताच मुख्य परीक्षेत गेला. साडेसातीही आहेच. त्यानं आता परीक्षांचा नाद सोडावा का?"

आईचा प्रश्न. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला. तपशील बदलून हाच प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एका पत्रिकेच्या आधारानं सविस्तर लिहावं असं वाटलं. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

पत्रिका कन्या लग्नाची. पंचमात मकर रास, तिचा स्वामी शनी. नवमात वृषभ, स्वामी शुक्र. शनी बसलाय नवमात आणि शुक्र पंचमात, म्हणजे दोघांनी एकमेकांची घरं घेतली आहेत. बुद्धी आणि भाग्य यांच्या स्वामींचा असा परिवर्तन योग दिसला की कोणाच्याही तोंडून "उत्तम" निघणारच. नवमात शनीबरोबर गुरूही होता.

पण परीक्षा आणि स्पर्धा परीक्षा यात फरक आहे. पंचम आकलन आणि स्मरण दाखवतं, नवम साथ देणारं दैव आणि गुरू. शेकडो जणांना मागे टाकायचं तर षष्ठ स्थान जोडलेलं लागतं, कारण प्रतिस्पर्धी तिथून पाहतात. ज्यांचं पंचम-नवम सुरेख पण षष्ठाशी काडीचा संबंध नाही, असे विद्यार्थी मी पाहिलेत. वर्गात पहिले, स्पर्धेत मागे. या मुलाचं तसं नव्हतं. कन्या लग्नाला शनी पंचमाबरोबर षष्ठाचाही स्वामी असतो, आणि लाभेश चंद्र त्याच षष्ठात, कुंभेत होता. पत्रिकेत यशाचं आश्वासन होतं. ते कधी वठणार, हे मात्र पत्रिका नाही, दशा सांगते.

मी त्याला विचारलं, "पहिल्यांदा परीक्षा कधी दिलीस?"

"पदवी हातात यायच्या आधीच. पूर्व परीक्षेतच गेलो. मग दोनदा मुख्यपर्यंत पोचलो."

पहिला प्रयत्न गुरू महादशेत मंगळाच्या अंतर्दशेत होता. कन्या लग्नाला मंगळ तृतीय आणि अष्टमाचा स्वामी, आणि इथे तो लग्नातच. उतावळेपणाला दुसरा पुरावा नको. त्यानंतर राहूची अंतर्दशा, जवळजवळ अडीच वर्षं. राहू दशमात मिथुनेत. पंचमाशी, नवमाशी, षष्ठाशी काही नातं नाही, आणि त्याचा राशीस्वामी बुध तृतीयात. शिवाय महादशास्वामी गुरूपासून राहू दुसरा, म्हणजे द्विर्द्वादश संबंध. असा राहू पदाचं आकर्षण फार देतो, तयारीची घडी बसू देत नाही.

"या काळात अभ्यासाचं साहित्य किती वेळा बदललंस?"

तो पहिल्यांदा हसला. "मोजलं नाही सर. कोणी पास झाला की त्याच्या नोट्स मागवायचो."

आईचा मुद्दा मात्र राहिलाच होता. राहूचं जाऊ द्या, शेवटची परीक्षा तर शनीत झाली ना? त्यांच्याकडच्या छापील पत्रिकेत शनी महादशेची सुरुवात परीक्षेच्या दोन महिने आधीची होती. शनी पंचमेश-षष्ठेश, भाग्यात बसलेला, आणि लागताच अपयश? हे माझ्या गळी उतरेना. मी गोचरापेक्षा दशेला अधिक मानतो, आणि दशा जुळत नसेल तर शास्त्राला बोल लावण्याआधी जन्मवेळ तपासतो.

"जन्म किती वाजताचा?"

"रात्री अडीच," आई चटकन म्हणाली.

"अडीचच की अडीचच्या सुमारास?"

त्या गप्प झाल्या. पुढच्या भेटीला प्रसूतिगृहाचा कागद घेऊन आल्या. त्यावर वेळ होती दोन वाजून दहा मिनिटं.

वीस मिनिटांनी लग्न बदललं नाही, ते कन्याच राहिलं. दशा मात्र सरकली. विंशोत्तरी दशा चंद्राच्या नक्षत्रातल्या जागेवरून निघते आणि चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो. मुलाचा जन्म शततारका नक्षत्रावर, म्हणजे राहूच्या अठरा वर्षांच्या दशेत. चोवीस तासांत अठरा वर्षं, तर तासाला नऊ महिने आणि वीस मिनिटांना तीन महिने. जन्म आधीचा म्हणून राहूची भोग्य दशा तीन महिन्यांनी वाढली आणि पुढची प्रत्येक दशा तेवढीच पुढे गेली. गुरूची महादशा संपून शनी लागला तो परीक्षेनंतर महिन्याभरानं. ती परीक्षा राहूच्याच अंतर्दशेत, म्हणजे गुरू महादशेच्या अगदी शेवटच्या टोकाला झाली होती. याला दशाछिद्र म्हणतात. महादशा संपताना हातातलंही निसटतं.

मी दोन्ही तारखा कागदावर एकाखाली एक लिहून त्यांच्यासमोर सरकवल्या. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे शनीनं नाही घालवलं?"

"शनी तेव्हा सुरूच झाला नव्हता."

मुलानं वर पाहिलं. आठ महिन्यांपासून घरात शनीच्या नावानं जे चाललं होतं त्याचं ओझं याच्या मानेवर होतं, हे मला तेव्हा उमगलं. खरं सांगायचं तर असे क्षण लाभावेत म्हणूनच मी हे काम करतो.

साडेसातीबद्दलही बोलावं लागलं, कारण हा घोळ जवळजवळ प्रत्येक घरात आहे. साडेसाती म्हणजे आज आकाशात फिरणारा शनी चंद्रराशीच्या मागे, राशीत आणि पुढे असण्याचा काळ. शनीची महादशा म्हणजे जन्मपत्रिकेतल्या शनीला मिळालेली एकोणीस वर्षं. पहिली त्या राशीच्या सगळ्यांना सारखीच येते, दुसरी प्रत्येकाची वेगळी. इथे साडेसातीनं थकवा, एकटेपणा दिला असेल. निकाल मात्र मी महादशेवरून पाहतो. हाच शनी कर्क किंवा सिंह लग्नाला असता तर मी वेगळं बोललो असतो. तिथे तो पंचमाचाही नाही, नवमाचाही नाही.

मग प्रश्न उरला, कधी? शनीत शनीची अंतर्दशा तीन वर्षं. त्यात शनीची, बुधाची, केतूची विदशा गेली की साधारण तेरा महिन्यांनी शुक्राची विदशा लागते, ती सहा महिने. दशास्वामी पंचमेश, विदशास्वामी नवमेश, दोघं एकमेकांच्या घरात. मुख्य परीक्षा या पट्ट्यात आली तर ती सोडू नकोस, एवढंच मी सांगितलं. निकालाची तारीख किंवा क्रमांक मी कोणालाच सांगत नाही. किती जागा निघतील आणि गुणांची रेषा कुठे थांबेल हे कोणाच्याच जन्मपत्रिकेत लिहिलेलं नसतं.

एक अट घातली. शनी एका जागी बसवून काम करून घेतो, तेव्हा साहित्य एकच ठेवायचं आणि त्याचीच उजळणी करायची. पहिले तेरा महिने कंटाळवाणे जातील, त्यात निराळं काही घडलं नाही तरी घाबरायचं नाही. आईंना नीलम रत्नाबद्दल विचारायचं होतं. मी नको म्हटलं. मुळात बलवान असलेल्या शनीला अंगठीची गरज काय?

शुक्राच्या विदशेतच त्याची मुख्य परीक्षा झाली आणि यादीत नाव आलं. मुलाखत अजून व्हायची आहे. परवा आईंचा फोन आला होता, धाकटीची पत्रिका दाखवायची म्हणून. मी म्हटलं, आधी प्रसूतिगृहाचा कागद शोधा.