कॅफेच्या उद्घाटनाचं भाषण

प्रश्न: तालुक्याच्या गावी छोटा कॅफे सुरू करतोय. उद्घाटनाला शेतकरी, स्टाफ आणि पहिल्या ग्राहकांचे आभार मानायचे आहेत. भाषण कसं आणि किती मिनिटांचं असावं?

पत्रिका छापून झाली नसेल तर आधी वेळ बघा. संध्याकाळी पाचचा मुहूर्त अजिबात नको, ती धारेची वेळ. गोठा सोडून कोण येतंय तुमची फीत बघायला? आम्ही वाईत सकाळी अकराला ठेवलं. डेअरीला दूध घालून, आंघोळ उरकून माणसं निवांत आली.

आमच्या मेहुण्यांचं म्हणणं होतं की आधी प्रमुख पाहुणे, मग नगरसेवक, मग बँकेचे साहेब आणि शेतकरी शेवटी 'ज्ञात-अज्ञात'मध्ये. आदल्या रात्री यावरून घरात चांगलीच जुंपली. मी ऐकलं नाही. माइक हातात आल्याबरोबर भिलारच्या तात्यांना उभं केलं आणि म्हणालो, "मुंबईला जाणारी स्ट्रॉबेरी पूर्ण पिकायच्या आत तोडतात, नाहीतर वाटेत मऊ पडून तिला पाणी सुटतं. तोडल्यावर ती रंग धरते, पण गोडी वाढत नाही. तात्या आपल्यासाठी थोडे बेड मागे ठेवतात, फळ देठापर्यंत लाल होऊ देतात आणि त्याच सकाळी तोडून आणतात. तोवर पाखरांनी टोचलं, बुरशी लागली, तर नुकसान त्यांचं. तुमच्या ग्लासात सिरप नाही, ते यांच्यामुळे."

बळीराजा, अन्नदाता असलं काही बोललो नाही. शाल-श्रीफळही नाही. दुधासारखं फळाचं बिलही दर दहा दिवसांनी चुकतं होईल, हे माइकवरूनच जाहीर केलं. टाळ्या पडल्या त्या तिथे. मेहुणे म्हणाले, पैशाचं चारचौघांत बोलू नये. का बरं? शेतकऱ्याचे पैसे थकवलेले चालतात, आणि कधी देणार ते सांगितलेलं चालत नाही?

स्टाफचं नाव घ्या आणि त्याबरोबर कामही सांगा. भांडी घासणाऱ्या मावशींना बाहेर बोलवा आणि त्या हात पुसत येईपर्यंत थांबा. 'आमची टीम' म्हणून मोकळे होऊ नका.

पहिल्या ग्राहकांपैकी ट्रायलला येऊन नावं ठेवून गेलेले लक्षात ठेवा. आमच्याकडे एका निवृत्त गुरुजींनी कॉफी कोमट आहे म्हणून कप परत पाठवला होता. तेव्हापासून कप मशीनवर तापवूनच भरतो. हे त्यांच्यासमोर सांगितलं, गुरुजी लाजले. बाकीच्यांचे आभार काउंटरवर माना, ते भुकेले उभे असतात. सगळं मिळून चार मिनिटं पुष्कळ.

आता एवढं मात्र करा. पुढाऱ्यांना पुढची खुर्ची द्या, नारळ त्यांच्या हातून फोडून घ्या, त्यांची नावं दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या आधी वाचायला लावा. छोट्या गावात रुसवे महाग पडतात. आणि दहा दिवसांचं बिल जमणार नसेल तर ते वाक्य गाळा, कारण अकराव्या दिवशी लोक दारात येऊन त्याची आठवण करून देतात.