बहिणीच्या लग्नातले भाषण हलकेफुलके कसे करावे?

प्रश्न: ताईचं लग्न मे महिन्यात गुहागरला आहे, मुलाकडचे ठाण्याचे. संध्याकाळच्या स्वागत समारंभात मला दोन शब्द बोलायचे आहेत. लिहिलेलं वाचून दाखवलं तर आई रडायलाच लागली. भाषण असं आहे : "ताई, तू माझी दुसरी आई आहेस. तू माझ्यासाठी खूप त्याग केलास. तुझ्याशिवाय घर सुनं सुनं होईल." हे थोडं विनोदी कसं करू?

उत्तर: तुमच्या तिन्ही वाक्यांमधली भावना खरी आहे, तेव्हा एकही वाक्य फेकून देऊ नका. अडचण एवढीच आहे की ही वाक्ये कोणत्याही भावाने कोणत्याही बहिणीबद्दल म्हणावीत अशी आहेत. समोर बसलेल्या ठाण्याच्या मंडळींना त्यांतून तुमची ताई दिसत नाही आणि घरच्यांना मात्र फक्त निरोपाची आठवण होते. त्यामुळे बाहेरून विनोद आणून चिकटवण्याऐवजी प्रत्येक वाक्यामागचा एकेक घरगुती प्रसंग शोधावा. हसू बहुधा त्या प्रसंगातच दडलेले असते.

'त्याग' या शब्दापासून सुरुवात करू. ताईने नेमके काय सोडले, असे स्वतःला विचारा आणि उत्तर जितके क्षुल्लक मिळेल तितके चांगले समजा. तुमच्या घरचे प्रसंग मला माहीत नाहीत, म्हणून नमुन्यादाखल एक कल्पितो : "ताईने माझ्यासाठी खूप त्याग केला. हापूस कापला की दोन्ही फोडी मला आणि कोय तिला. दहावीत गेल्यावर मला कळलं, की बोटांवरून ओघळणारा सगळा रस कोयीलाच असतो!" यात पहिले वाक्य जवळजवळ तुमचेच आहे आणि ते गंभीरपणेच म्हणायचे आहे. श्रोते डोळे पुसायच्या तयारीत असताना पुढचे वाक्य त्यांना भलतीकडे नेते आणि म्हणूनच हसू येते. शिवाय या विनोदात फसलेले आहात तुम्ही. ताई हुशार ठरली आहे. ज्या विनोदात ती उणी ठरेल, तो कितीही चांगला असला तरी सासरच्या माणसांसमोर सांगू नये. रंग, वजन, स्वयंपाक, आधी पाहिलेली स्थळे आणि मानपान हे विषय तर पूर्णपणे टाळावेत.

वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. "सगळा रस कोयीलाच असतो हे मला दहावीत गेल्यावर कळलं" असे म्हटले, तर गंमत वाक्याच्या पोटात संपते, लोक हसू लागतात तेव्हा तुम्ही अजून बोलतच असता आणि मांडवातल्या गोंगाटात ते शेपूट हसण्यावर पाणी टाकते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येत असल्याने ही चूक अगदी सहज होते. म्हणून 'मला कळलं, की' हा भाग आधी उरकावा, गमतीचा शब्द शक्य तितका शेवटाकडे न्यावा आणि मग हसू ओसरेपर्यंत गप्प राहावे.

'दुसरी आई' हे वाक्यही असेच वळवता येईल : "आईला चुकवून समुद्रावर जाता यायचं. ताईला चुकवून कधीच जाता आलं नाही, कारण ती आधीच पाण्यात उभी असायची." 'घर सुनं होईल' हे स्वतः न म्हणता बाबांकडे सोपवा : "घर सुनं होईल असं आई म्हणते. बाबा काहीच म्हणत नाहीत. त्यांनी फक्त चिपळूणहून ठाण्याला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ केल्या आहेत." इथे लोक हसतील आणि बाबांचे मनही त्यांना कळेल.

यानंतर, म्हणजे शेवटून दुसऱ्या ठिकाणी, एकच वाक्य पूर्ण भावुक ठेवा, पण तेही विशेषणांशिवाय : "माझ्या प्रत्येक परीक्षेच्या दिवशी तू माझ्याआधी उठलीस, हे मी आजवर कधी बोललो नव्हतो." हसलेल्या माणसांना हे वाक्य अधिक खोल लागते, सुरुवातीलाच म्हटले तर पुढच्या गमतींवर हसायला लोक संकोचतात. त्यानंतर लगेच नव्या जावयांना उद्देशून एक हलके वाक्य बोलून थांबा : "भावोजी, आंब्याची पेटी दरवर्षी पाठवू; कोयी कोणाच्या, ते तुमचं तुम्ही ठरवा."

हे सगळे मिळून दोन मिनिटांच्या आत बसते आणि त्याहून लांबवण्याची गरज नाही. भाषण आधी ताईला न ओळखणाऱ्या एखाद्या मित्रासमोर मोठ्याने वाचा. जिथे त्याला "म्हणजे काय?" असे विचारावे लागेल, तो प्रसंग समजावून सांगत बसू नका, बदला. ताईबद्दलचे प्रसंग मात्र तिला आधी विचारून घ्या आणि कोयीचे वाक्य तेवढे तिच्यासाठी राखून ठेवा.