परिचयात विखुरलेल्या नोकऱ्यांचा एक धागा कसा शोधायचा?

प्रश्न: बँकेत कॅशियर, मग गणिताचा शिक्षक, मग हॉटेल मॅनेजर. परिचयात हे एकत्र कसं गुंफू?

पदनावं बाजूला ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी लोक तुमच्याकडे कोणती अडचण घेऊन येत, ते एकेका क्रियापदात लिहा. खातेदाराला फॉर्म समजावणं, मुलांना गणित समजावणं, नव्या वेटरला कामाची पद्धत समजावणं: इथे ‘समजावणं’ तिन्हीकडे आहे. म्हणून पहिलं वाक्य असं: ‘किचकट नियम आणि पद्धती नवख्या माणसाला समजतील अशा करून सांगतो.’ त्यामागोमाग तिन्ही कामं अर्ध्या-अर्ध्या ओळीत, पुरावा म्हणून. नोकऱ्यांचा क्रम बायोडेटात असतोच, परिचयात तो पुन्हा नको. ‘लोकांशी संवाद’ हा धागा मात्र टाळा, तो कुणालाही लागू पडतो. एखादी नोकरी बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका; ती तारखांसह फक्त बायोडेटात ठेवा.