कापणाऱ्या वस्तूचं नाव ‘कातणं’ कसं?

प्रश्न: आईच्या जुन्या डब्यात वीतभर पितळी दांडी सापडली. टोकाला रुपयाएवढं फिरतं चाक आहे आणि त्याची कड नागमोडी आहे. आई सणाला याने काहीतरी कापायची एवढंच आठवतं. बहीण म्हणते, हे शिवणकामाचं आहे. याला म्हणतात काय? नवं हवं असेल तर कोणत्या नावाने मागायचं?

हे कातणं. काही घरांत कातण म्हणतात, काही ठिकाणी नुसतं फिरकी. करंजीची कड कापायला आणि शंकरपाळे पाडायला ते लागतं.

शिवणकामातही दांडीला चाक असलेलं एक हत्यार असतं, कापडावर खुणा उमटवायचं. पण त्याचे दाते टोकदार आणि बाहेरच्या बाजूला असतात. कातण्याची कड मात्र डावी-उजवीकडे लाटेसारखी वळलेली असते. लाटलेल्या पोळीवर फिरवून पाहा: ठिपक्यांची रांग उमटली तर बहिणीचं खरं, सलग नागमोडी काप गेला तर आईचं.

ही वळलेली कड नुसत्या शोभेची नाही. चाक फिरताना करंजीच्या दोन्ही पदरांना कापता कापता दाबतही जातं, त्यामुळे कड मिटायला मदत होते. तरी आधी कडेला दुधाचं बोट फिरवून ती दाबून घ्यावी लागते. काठावर सारण आलं असेल तर कातणं कितीही चांगलं असो, करंजी तेलात उघडतेच.

आता नावाचं. सूत कातणे आणि हे कातणं यांचा मेळ कसा बसतो, हा माझा फार आवडता प्रश्न आहे. संस्कृतात ‘कृत्’ असे दोन धातू आहेत, एकाचा अर्थ कापणे आणि दुसऱ्याचा सूत काढणे. म्हणून ‘कर्तन’ शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. आपल्या कातर, कातरणे या शब्दांमागे कापणारा धातू आहे, सूत कातण्यामागे दुसरा. स्वयंपाकघरातलं कातणं मला पहिल्याच कुळातलं वाटतं. चाक गरगर फिरतं म्हणून चरख्याची आठवण होते, पण त्याचं काम कापायचं आहे.

भांड्यांच्या दुकानात ‘करंजीचं कातणं’ म्हटलं की बहुधा कळतं. ऑनलाइन शोधताना मात्र गफलत होते. ‘करंजी साचा’ लिहिलंत तर बिजागरीचा, अर्धचंद्राकृती दुमडणारा साचा समोर येतो, आणि ‘पिझ्झा कटर’ लिहिलंत तर मोठं, सपाट कडेचं चाक. त्याने शंकरपाळे पडतात, पण कड सरळ येते. हीच वस्तू ‘पेस्ट्री व्हील’ किंवा ‘रॅव्हिओली कटर’ या नावाने विकली जाते, कारण इटालियन स्वयंपाकात सारण भरलेल्या रॅव्हिओलीची कड अशाच चाकाने कापतात. शोधताना ‘नागमोडी कडेचं’ या अर्थी ‘फ्लूटेड’ हा शब्द जोडा.

तुमचं जुनं चाक अडत असेल तर आसाशी वाळलेलं पीठ असणार. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून ते काढा, पुसा आणि आसाला खाण्याच्या तेलाचा एक थेंब द्या. चाक न फिरता घसटत गेलं तर पारी कापली न जाता ओढली जाते.